मालिकेतल्या इमर्जन्सीत नेमकं काय चाललेलं असतं? ‘पुश वन ऑफ एपी’ म्हणजे काय?

इंदिरानगरकर | रात्री ११:०८

गेला महिनाभर मी आणि सासूबाई जेवणं आटोपली की एक अमेरिकी हॉस्पिटलची मालिका बघतोय. माणसं कळतात, त्यांची भांडणं कळतात, कोणाचं कोणाशी जमतंय तेही कळतं. पण स्ट्रेचर दारातून आत आलं की पुढची चार मिनिटं आम्हा दोघींना काहीच उमगत नाही. मराठी तळओळी लावल्या तर गोंधळ आणखी वाढतो. काल मी थांबवून थांबवून एक प्रसंग वहीत उतरवून घेतला. कानावर आलं ते असं:

स्ट्रेचर आणणारा म्हणतो, “विटनेस्ड अरेस्ट, डाउनटाइम सिक्स, शॉक्ड ट्वाइस इन द फील्ड.” खाली मराठीत येतं, “साक्षीदार असलेली अटक, शेतात दोनदा धक्का.” सासूबाई मला विचारतात, ह्याला पोलिसांनी शेतात का पकडलं?

मग मोठी डॉक्टर: “स्टिल इन व्ही-फिब. चार्ज टू टू हंड्रेड. क्लिअर!” खाली: “स्पष्ट!”

मग: “पुश वन ऑफ एपी, देन थ्री हंड्रेड ऑफ एमिओ.” खाली: “एपीला एकदा ढकला.”

थोड्या वेळाने: “होल्ड कॉम्प्रेशन्स. ऑर्गनाइज्ड रिदम. नो पल्स. पीईए. बॅक ऑन द चेस्ट.”

आणि शेवटी: “एंड-टायडल्स फॉर्टी. वी हॅव अ पल्स.” सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

माझे दोन प्रश्न आहेत. पडद्यावर रेष चांगली वरखाली होत होती, तरी त्याची छाती का दाबत होते? आणि त्याच भागात नंतर एक म्हातारे गृहस्थ येतात, त्यांची रेष सपाट असते. त्यांना मात्र एकदाही शॉक देत नाहीत. शेजारी मशीन उभं असताना डॉक्टर फक्त दाबत राहते आणि मग घड्याळ बघून वेळ सांगते. आम्हा दोघींना ते फार लागलं. त्यांच्यासाठी प्रयत्नच केला नाही असं वाटलं.

---

सातपूर_फिटर | रात्री ११:३१

ताई, मी मेंटेनन्समध्ये आहे, माझ्या डोक्याने सांगतो. हृदय म्हणजे पंप, त्याला आतूनच करंट असतो. करंट असतो पण पंप फिरत नाही, अशी वेळ येते. मोटरला सप्लाय आहे, मीटर हलतोय, पण पाणी वर चढत नाही. तुमच्या पहिल्या पेशंटचं तसं झालेलं असणार.

शॉक म्हणजे बॅटरी उतरलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीची वायर लावून चालू करतो तसं. त्या हिशोबाने सपाट रेषेलाच शॉक जास्त लागायला हवा. तिथे का दिला नाही ते मलाही कळलं नाही. मालिकावाल्यांची चूक असेल.

---

तळटीप | रात्री ११:५०

मी तळओळींचं काम करते, ह्या मालिकेचं नाही, पण अशा दोन केल्या आहेत. ‘अटक’ आणि ‘शेतात’ वाचून वाईट वाटलं. आमच्या हातात बहुतेक वेळा चित्र नसतं, नुसत्या ओळींची फाईल येते. ओळ किती अक्षरांची असावी ह्याला मर्यादा असते आणि मुदत उद्याची. ‘फील्ड’ म्हणजे हॉस्पिटलच्या बाहेर, पेशंट जिथे पडला तिथे, हे मला दुसऱ्या मालिकेच्या वेळी एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं तेव्हा कळलं.

‘क्लिअर’ला मी ‘बाजूला व्हा’ लिहिते. ‘पुश’ला ‘द्या’. ‘अरेस्ट’चं मात्र अजून जमलेलं नाही. ‘हृदय बंद पडलं’ लिहावं तर डॉक्टर पुढच्याच वाक्यात म्हणते की हृदयात हालचाल आहे.

---

रात्रपाळी | सकाळी ६:४०

आत्ता ड्यूटी संपवून आले, चहा ठेवलाय. बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली चौदा नाशिकमध्येच कॅज्युअल्टी आणि आयसीयूत. इंदिरानगरकर ताई, तुम्ही उतरवलेला प्रसंग मालिकेच्या मानाने बराच नीट लिहिलेला आहे.

सातपूरच्या दादांचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. रेष म्हणजे हृदयातली वीज, नाडी म्हणजे पंप. मॉनिटरला फक्त वीज दिसते, पंप दिसत नाही. म्हणून तर प्रत्येक वेळी रेष बघून झाली की कोणीतरी मानेला बोटं लावतं. वीज नीट लयीत आहे आणि नाडी मात्र नाही, त्याला पीईए म्हणतात. रेष बघून पेशंट ठीक वाटतो आणि तो त्या क्षणी अरेस्टमध्येच असतो. त्यांनी पुन्हा दाबायला घेतलं ते म्हणून.

दादांचं दुसरं म्हणणं मात्र उलटं आहे आणि अर्धं गाव तसंच समजतं. शॉक हृदय चालू करत नाही. शॉक हृदय थांबवतो.

आपल्या नाशिकच्या ढोल पथकावरून सांगते. पन्नास ढोल आहेत, पुढे ताशावाला. तो ठेका देतो, सगळे त्यावर वाजवतात. हृदयात वरच्या बाजूला असा एक ताशावाला असतो आणि एरवी सगळं त्याच्याच ठेक्यावर चालतं. आता समजा पन्नासही ढोल आपापला वेगळा ठेका धरून वाजवू लागले. हात सगळ्यांचे चालू आहेत, आवाज भरपूर आहे, पण ताल नाही. हे व्ही-फिब. हृदय नुसतं थरथरत असतं, त्यातून रक्त पुढे जात नाही. पडद्यावर ती रेष लहान मुलाने पेन्सिलीने खरडल्यासारखी दिसते. अशा वेळी एकच उपाय असतो, पथकप्रमुखाने जोरात शिट्टी मारून सगळ्यांचे हात एकदम थांबवायचे. ती शिट्टी म्हणजे शॉक. सगळे थांबले की त्या शांततेत ताशावाल्याचा ठेका ऐकू येण्याची संधी मिळते.

सपाट रेष म्हणजे असिस्टोल. तिथे कोणी वाजवतच नाहीये. शिट्टी मारून थांबवणार कोणाला? म्हणून सपाट रेषेला शॉक देत नाहीत. ताई, त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या वेळी डॉक्टरने हात आखडता घेतला नाही. तिने बरोबर तेच केलं. मालिकांनी वर्षानुवर्षं सपाट रेषेवर शॉक देऊन माणसं उठवून दाखवली आणि लोकांच्या मनात तेच बसलं. त्यामुळे इथे बरोबर दाखवलं तर दुष्टपणा वाटला.

एवढी एक गोष्ट धरलीत तर प्रसंगाचा धागा सुटणार नाही. मॉनिटरकडे बघून डॉक्टर पहिला शब्द कोणता बोलते तो पकडा. ‘व्ही-फिब’ किंवा ‘पल्सलेस व्ही-टॅक’, म्हणजे ठेका इतका वेगाचा की नाडीच लागत नाही, असं म्हणाली, तर रस्ता शॉकचा. ‘असिस्टोल’ किंवा ‘पीईए’ म्हणाली, तर शॉक नाही. मग दाबणं, ॲड्रेनलिन आणि कारण शोधणं. छाती दाबणं दोन्हीकडे असतं. बाकी सगळी पळापळ ह्या दोनपैकी एका रस्त्यावरची असते.

बाकीच्या ओळींचं दुपारी लिहिते. आता झोपते.

---

द्राक्षबाग | सकाळी ८:१५

सिस्टर, माझ्या आईचं बीपी काल ९० आणि ६० आलं. वय ७१. दिंडोरीला असतो. मालिकेत ‘बीपी एटी पाल्प, ही इज क्रॅशिंग’ असं म्हणतात आणि लगेच पेशंटला आत नेतात. आईचं पण तसंच समजायचं का? तिला चक्कर येते, बाकी बोलते-चालते आहे.

---

इंदिरानगरकर | सकाळी ९:०२

रात्रपाळी ताई, ढोलाचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग त्या शांततेत ताशावाला उठलाच नाही तर?

---

रात्रपाळी | दुपारी ३:२०

द्राक्षबाग दादा, आधी तुमचं. धाग्यावर विचारून थांबू नका, आईंना आजच डॉक्टरांना दाखवा. ९०/६० काही जणांचं नेहमीचंच असतं, पण ७१ व्या वर्षी चक्कर येतेय म्हणजे गोळ्या कोणत्या चालू आहेत ते बघायला हवं. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि बेशुद्धी, छातीत दुखणं, दरदरून घाम असं काही झालं तर गाडीची वाट न बघता १०८ लावा.

‘एटी पाल्प’ म्हणजे वरचा आकडा ८० आणि तो बोटांनी मोजलेला. पट्टा फुगवून हळूहळू सोडताना मनगटाची नाडी बोटाला ज्या आकड्यावर परत लागते, तो वरचा आकडा. स्टेथोस्कोप लावून ऐकायला वेळ नाही किंवा गोंगाटात ऐकू येत नाही, तेव्हा असं करतात. त्यात खालचा आकडा मिळतच नाही, म्हणून त्या जागी ‘पाल्प’ म्हणतात. ‘क्रॅशिंग’ म्हणजे बीपी, श्वास, शुद्ध हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर भराभर खाली येतंय. एका आकड्यावरून कोणी क्रॅश होत नाही.

आता ताईंची वही. ‘विटनेस्ड अरेस्ट’ म्हणजे हृदय थांबून तो पडला तेव्हा कोणीतरी बघत होतं. हे सगळ्यात आधी सांगतात, कारण कधी पडला हे माहीत असलं की पुढचे हिशोब लागतात. घरात सकाळी नुसता सापडला, तर रात्री कधी काय झालं कोणाला ठाऊक. ‘डाउनटाइम सिक्स’मध्ये मात्र गोची आहे. कोणी ते पडल्यापासून छाती दाबायला सुरुवात होईपर्यंतची मिनिटं म्हणून सांगतं, कोणी पडल्यापासून आत्तापर्यंतची एकूण मिनिटं म्हणून. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्ही तर ॲम्ब्युलन्सवाल्याला उलटा प्रश्न विचारतो, नुसता पडून किती वेळ होता?

‘पुश वन ऑफ एपी’ म्हणजे एक मिलिग्रॅम ॲड्रेनलिन शिरेतून झटकन. अमेरिकेत त्याला एपिनेफ्रिन म्हणतात, म्हणून एपी. आपल्याकडे एपी कोणी म्हणत नाही. “सिस्टर, एक ॲड्रेनलिन,” एवढंच असतं. एक मिलीची छोटी काचेची ॲम्प्यूल असते, तिची मान मोडल्याचा आवाज त्या गर्दीतही मला वेगळा ऐकू येतो. औषध दिलं की मागोमाग वीस मिली सलाईन ढकलायचं आणि तो हात वर उचलून धरायचा. रक्त फिरतंय ते फक्त कोणीतरी दाबतंय म्हणून. हात खाली राहिला तर औषध दंडातच रेंगाळतं. मालिकेत हात उचललेला मी क्वचितच पाहिलाय. दिल्यावर मोठ्याने सांगायचं, “ॲड्रेनलिन दिलं, दहा बेचाळीस.” मग तीन ते पाच मिनिटांनी पुढचं.

‘एमिओ’ म्हणजे एमिओडॅरोन, ठेका बिघडवणारे स्नायू जरा शांत करणारं औषध. तीन शॉक देऊनही व्ही-फिब हटत नसेल तर ३०० मिलिग्रॅम. तुमच्या पेशंटला बाहेर दोन शॉक मिळालेले, इथे तिसरा. हिशोब बरोबर लागला बघा. नंतर लागलंच तर १५०.

आणि सासूबाईंचा प्रश्न. ताशावाला खरोखर बरेचदा उठत नाही. ढोलवाले आणि ताशावाला सगळेच रक्तावर जगतात. पाच-सात मिनिटं रक्त मिळालं नाही की त्यांच्यात ठेका धरायचं त्राणच उरत नाही. खरडलेली रेष आधी मोठी असते, मग बारीक बारीक होत जाते आणि शेवटी सपाट. म्हणून शॉक दिला की मॉनिटरकडे बघत उभं राहायचं नाही, लगेच पुन्हा दोन मिनिटं दाबायचं आणि मग थांबून बघायचं. मालिकेत शॉक दिला की सगळे स्तब्ध होऊन पडद्याकडे बघतात, तेवढं खोटं.

---

निवासी_डॉक्टर | संध्याकाळी ६:०५

सिस्टरांनी छान समजावलंय. एंड-टायडलचं राहिलं म्हणून लिहितो.

घशात ट्यूब टाकली की तिला एक सेन्सर जोडतात, तो बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो. रक्त फिरलं तरच हा वायू शरीरातून फुप्फुसापर्यंत येतो. त्यामुळे तो आकडा म्हणजे रक्ताभिसरणाची बातमी. कोणी चांगलं दाबत असेल तर साधारण १० ते २० च्या आसपास राहतो. दाबणारा दमला की खाली घसरतो, तेव्हा माणूस बदलायचा. आणि एकदम ३५-४० वर उडी मारली, तर नाडी तपासायच्या आधीच कळतं की हृदय स्वतः चालायला लागलं असावं. ‘एंड-टायडल्स फॉर्टी’ ऐकून सगळ्यांचे चेहरे बदलले ते म्हणून. उलट वीस मिनिटं नीट प्रयत्न करूनही तो १० च्या वर येत नसेल, तर चिन्ह वाईट.

आणखी एक, ‘स्टॅट’ आणि ‘सॅट्स’ ह्यांत लोक गोंधळतात. ‘स्टॅट’ म्हणजे ताबडतोब, लॅटिन शब्दाचा तुकडा आहे. ‘सॅट्स’ म्हणजे ऑक्सिजनची टक्केवारी, करोनात घराघरात बोटाला लावायचे ते. ‘सॅट्स आर एटी-टू’ ऐकलं की श्वासाची अडचण आहे समजा.

ॲड्रेनलिनबद्दल मात्र सिस्टरांच्या एवढा विश्वास मला राहिलेला नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधली आठ हजारांवर पेशंटची चाचणी प्रसिद्ध झाली, हॉस्पिटलबाहेर अरेस्ट झालेल्यांची. अर्ध्यांना ॲड्रेनलिन, अर्ध्यांना नुसतं सलाईन. तीस दिवसांनी जिवंत राहिलेले ॲड्रेनलिनच्या गटात ३.२ टक्के, दुसऱ्यात २.४. पण मेंदू धड राहून घरी जाणाऱ्यांत म्हणावा तसा फरक दिसला नाही.

---

रात्रपाळी | संध्याकाळी ७:१५

डॉक्टर, ती चाचणी माहीत आहे. पण तिथे पहिलं ॲड्रेनलिन फोन आल्यापासून वीस मिनिटांच्या पुढे मिळालेलं. आमच्या आयसीयूत बेडवरच अरेस्ट झाला तर दोन मिनिटांत जातं. ते आकडे इथे तसेच्या तसे लावायला माझं मन घेत नाही.

---

निवासी_डॉक्टर | संध्याकाळी ७:३२

हे मान्य आहे, लवकर दिलं तर चित्र वेगळं असू शकतं. पण ‘असू शकतं’ एवढंच म्हणेन. मी रोज देतो, गाईडलाइनमध्ये आहेच. असिस्टोलला ॲट्रोपिनही वर्षानुवर्षं देत होतो, २०१० मध्ये ते काढून टाकलं.

---

सातपूर_फिटर | रात्री ८:१०

सिस्टर, शिट्टीचं पटलं. मी इतकी वर्षं उलटंच सांगत होतो, पोरांनाही तसंच सांगितलंय.

एक शंका. सपाट रेष म्हणजे हृदयात काहीच नाही, की वायर सुटलेली? आमच्याकडे पॅनेलवर शून्य दिसलं की आधी सेन्सरची वायर बघतो.

---

रात्रपाळी | रात्री ८:४०

अगदी हेच करतो दादा. सपाट दिसली की आधी छातीवरचे स्टिकर जागेवर आहेत का, वायर मशीनला लागलीय का ते बघायचं. मग मॉनिटरवर रेषेचा आकार वाढवायचा आणि दुसऱ्या लीडमध्ये बघायचं, कारण बारीक व्ही-फिब लहान आकारात सपाट भासू शकतं. दाबणं चालू ठेवून दहा सेकंदांचं काम आहे. एक ओळखायची खूण सांगते. अगदी पट्टीने मारल्यासारखी सरळ रेष असेल तर वायरीचा संशय घ्यायचा. खऱ्या असिस्टोलमध्ये रेष जराशी वाहते, थोडी वरखाली सरकते.

---

रामकुंड_पहाट | रात्री १०:५५

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये माझे वडील गेले. ६८ वर्षांचे. पंचवटीत जुन्या घरात राहतो. पहाटे साडेपाचला मोरीच्या दारात पडले. आईने आवाज ऐकला, म्हणजे तुमच्या भाषेत विटनेस्डच म्हणायचं. मी आणि दादाने उचललं, जिन्यावरून खाली आणलं, गल्लीच्या तोंडाशी गाडी होती. हॉस्पिटलला पोचेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. छाती दाबायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं. दादा सगळा वेळ त्यांचे तळवे चोळत होता.

तिथे काचेतून मी बघत होतो. रेष सपाट होती. एक मुलगा स्टुलावर चढून दाबत होता, दुसऱ्याने काळी पिशवी तोंडावर धरली होती, सिस्टर इंजेक्शन देत होत्या. ट्रॉलीवर शॉकचं मशीन होतं, मला दिसत होतं. लावलं नाही. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले.

दादाच्या मनात तेव्हापासून बसलंय की काउंटरवर पैसे भरायला मला उशीर झाला म्हणून मशीन लावलं नाही. तो मला कधी बोलून दाखवत नाही. पण मला माहीत आहे. मीही आठ वर्षं तेच धरून बसलोय. सिस्टर, खरं सांगा. सपाट रेष होती म्हणूनच नसेल का लावलं?

---

रात्रपाळी | रात्री ११:४०

दादा, मी तिथे नव्हते, त्यामुळे त्या खोलीत काय झालं ते मी शपथेवर सांगू शकत नाही. तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंत तेवढ्यावरून बोलते.

रेष सपाट असेल तर शॉक द्यायचा नसतो. मी असते तर मीही मशीनला हात लावला नसता. आणि तुम्ही जे सांगितलंत, एक जण स्टुलावर चढून दाबतोय, दुसरा पिशवीने श्वास देतोय, इंजेक्शनं चाललीत, ते सगळं सपाट रेषेला जे करायचं असतं तेच आहे. पैशांसाठी हात राखून ठेवणारे अर्धा तास स्टुलावर उभे राहत नाहीत. दोन मिनिटं दाबलं की खांद्यात गोळे येतात. तो मुलगा घामाने निथळला असेल, तुम्हाला आठवत असेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून सांगते. पहाटे ते पडले तेव्हा कदाचित व्ही-फिब असेल, कदाचित नसेल. ते आता कोणालाही सांगता येणार नाही. तुम्ही दाबलं असतंत तर वाचले असते, असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. घरात अरेस्ट झालेले बहुसंख्य लोक वाचत नाहीत, ज्यांना दाबलं तेही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी टीव्हीवरचे असे प्रसंग मोजले होते, त्यांत ७५ टक्के पेशंट त्या क्षणी वाचलेले दाखवले होते. खऱ्या कॅज्युअल्टीत असं काही नसतं.

---

निवासी_डॉक्टर | रात्री ११:५८

दादा, सिस्टरांशी पूर्ण सहमत. एकच भर घालतो. सपाट रेषेत शॉक देण्यासाठी दाबणं थांबवावं लागतं, सगळ्यांना बाजूला व्हावं लागतं. म्हणजे जे थोडं रक्त मेंदूला जातंय तेही तेवढा वेळ बंद. ‘दिला असता तर काय बिघडलं असतं’ असं नातेवाईक विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.

---

तळटीप | सकाळी १०:२०

ह्या धाग्यावरून मी माझ्या पुढच्या फाईलसाठी काही ठरवलंय. ‘विटनेस्ड अरेस्ट’ला ‘डोळ्यांदेखत कोसळला’. ‘इन द फील्ड’ला ‘वाटेत’. व्ही-फिब आणि असिस्टोल तसेच ठेवावे की ‘हृदय थरथरतंय’ आणि ‘रेष सपाट’ लिहावं? मला दुसरं बरं वाटतं. पीईएला काय लिहू ते सुचत नाही. ‘लय आहे, नाडी नाही’ एवढं एका ओळीत बसतंय.

---

निवासी_डॉक्टर | सकाळी १०:४१

मूळ शब्दच ठेवा असं माझं मत. तीन भागांत प्रेक्षक शिकतो. ‘थरथरतंय’ लिहिलंत तर उद्या एट्रियल फिब्रिलेशनलाही तेच लिहावं लागेल. त्यात हृदयाचे वरचे कप्पे थरथरतात आणि माणूस चालत ओपीडीत येतो.

---

इंदिरानगरकर | सकाळी ११:१५

मी प्रेक्षक म्हणून ‘लय आहे, नाडी नाही’ला मत देते. काल रात्री पुढचा भाग लावला. डॉक्टर “पीईए” म्हणाली आणि सासूबाई माझ्या आधी म्हणाल्या, “आता शॉक नाही, दाबणार.” दाबलं. मग ती डॉक्टर “एच अँड टी सांगा” म्हणाली आणि सगळे एकेक नाव घ्यायला लागले, तिथे पुन्हा धागा सुटला.

---

रात्रपाळी | दुपारी २:५०

ती कारणांची उजळणी आहे. लय आहे आणि नाडी नाही, तर पंप का चालत नाही ते शोधायचं. इंग्रजीत काही कारणं ‘एच’ने सुरू होतात, काही ‘टी’ने, म्हणून तसं पाठ करतात. सगळी सांगत नाही, मालिकेत तीनच जास्त येतात. रक्तस्रावाने पंपात रक्तच उरलं नाही, तेव्हा “ओ निगेटिव्ह आणा” ऐकू येईल. फुप्फुसाबाहेर हवा साठून हृदय दाबलं गेलं, तेव्हा छातीत जाड सुई घालतील. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलं, तेव्हा सोनोग्राफीचा प्रोब छातीखाली लावून बघतील. ह्यात कारण सापडलं तर माणूस परत येऊ शकतो, म्हणून ते नावं घेताना इतके घाईत असतात.

---

द्राक्षबाग | दुपारी ४:३०

सिस्टर, आईला दाखवलं. बीपीची गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा घेत होती. एक बंद केली.

---

रामकुंड_पहाट | रात्री ९:४७

दादाला आज सगळं वाचून दाखवलं. ढोलाचं, शिट्टीचं, स्टुलावरच्या मुलाचं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, रेष सपाट होती हे तू काचेतून बघितलंस, मी बघितलं नाही. त्याचा कागद असतो का?

असतो का सिस्टर?

---

रात्रपाळी | रात्री १०:३०

असतो. मृत्यू घोषित करायच्या आधी ईसीजीची पट्टी काढतात, त्यावर वेळ टाकून केसपेपरला चिकटवतात. बहुतेक ठिकाणी सपाट रेषेची ती शेवटची पट्टी असतेच. पहिल्या मिनिटाची पट्टी असेलच असं नाही, पण कोणत्या वेळी काय दिसलं, काय दिलं हे सिस्टरच्या नोंदीत लिहिलेलं असतं.

आता अडचण सांगते. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे असतात आणि नातेवाईकांनी मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. तुमचं २०१७ चं आहे. पोलीस केस झाली असेल तर फाईल जास्त काळ ठेवतात, नसेल तर कदाचित नष्टही केली असेल. तरी रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. त्यात वडिलांचं नाव, तारीख, साधारण वेळ आणि केसपेपरचा नंबर लिहा. नंबर सापडत नसेल तर तेव्हाची बिलाची पावती बघा, तिच्यावर असतो. तुम्ही पैसे भरले होते ना, त्या पावतीवर वेळही छापलेली असेल.

---

रामकुंड_पहाट | रात्री १०:५२

पावती आईच्या कपाटात आहे. उद्या सकाळी काढतो.